एकरकमी पोटगी देऊन झाली, आता मुलीच्या शिक्षणाचं काय? (वडिलांचं दुसरं लग्न झालंय)

चिंचवडचा_मामा

नमस्कार मंडळी, धाग्याचा विषय जरा घरगुती आहे पण इथे कोर्टकचेरी बघितलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझ्या धाकट्या बहिणीचा 2019 मध्ये पुणे फॅमिली कोर्टात म्युच्युअल कन्सेंटने घटस्फोट झाला, तेव्हा भाची 8 वर्षांची होती, आता 14 ची आहे आणि नववीत गेली. तेव्हा बहिणीला 12 लाख एकरकमी मिळाले आणि भाचीसाठी महिना 7,000 ठरले. ते नियमित येत होते, त्याबद्दल तक्रार नाही.

मधे त्याने दुसरं लग्न केलं, आता त्याला दोन वर्षांचा मुलगा आहे. गेल्या जूनपासून पैसे बंद. 11 महिने झाले. फोन केला तर म्हणतो 12 लाख दिलेत त्यातच सगळं आलं, आणि आता माझी स्वतःची फॅमिली आहे, मी काय काय बघू. वर परत कन्सेंट टर्म्समधला एक मुद्दा दाखवतो की यापुढे कोणी कोणाकडे पोटगी मागणार नाही असं तुझ्या बहिणीने सही करून दिलंय.

बहिणीला हातात 32,000 मिळतात, प्रायव्हेट नोकरी. त्याचा पगार आमच्या माहितीप्रमाणे हातात 95,000 च्या आसपास. शाळेची फी 7,000 मध्ये कशी भागवायची सांगा. विचारायचंय एवढंच की बहिणीने सही केली म्हणजे भाचीचा हक्क पण गेला का? आणि दुसरं लग्न झाल्यामुळे खरंच त्याला सूट मिळते का?

टवाळ_टिळक_रोड

ताई नोकरी करतात ना? मग पोटगी कशी मिळेल. कमावत्या बायकोला पोटगी नाही असा निकाल आहे, मी वाचलाय. 12 लाख घेतले वर परत मागायचे हे जरा अतीच होतंय, सॉरी पण स्पष्ट बोलतो.

चिंचवडचा_मामा

अहो दादा बहिणीसाठी कोण मागतंय? तिचं 2019 लाच संपलं, तिने त्यानंतर एक रुपया मागितला नाही. प्रश्न भाचीचा आहे.

रानजाई

टवाळ, प्रश्न वाचून उत्तर द्या की हो. आणि कमावत्या बायकोला मिळतच नाही हेही तितकंसं बरोबर नाही, पण तो वेगळा विषय.

मामा, माझ्या माहितीप्रमाणे मुलांची पोटगी 18 पर्यंत मिळते. मुलगी असो नाहीतर मुलगा, 18 ला फुलस्टॉप. तर तुमच्याकडे साडेतीन-चार वर्षं आहेत, लवकर हलवा. आणि आईने सही केली तरी मुलाचा हक्क जात नाही हे मी आमच्या वकिलांकडून ऐकलंय.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

मी फॅमिली कोर्टात प्रॅक्टिस करते, सातारा-पुणे दोन्हीकडे. रानजाईताईंचं सहीबद्दलचं बरोबर आहे, 18 बद्दलचं निम्मं बरोबर आहे, त्यावर नंतर येते.

मामा, आधी मला कन्सेंट टर्म्सचे नेमके शब्द हवेत. नावं गाळून तेवढे मुद्दे इथे टाका. पुष्कळदा भांडण त्या दोन ओळींवरच असतं आणि लोक मात्र तोंडी सांगत बसतात की असं लिहिलंय तसं लिहिलंय.

चिंचवडचा_मामा

मॅडम, बहिणीकडून फोटो मागवला, जसंच्या तसं टाईप करतोय.

मुद्दा 4: "अर्जदार क्र. 1 यांनी अर्जदार क्र. 2 यांना कायमस्वरूपी पोटगीपोटी एकरकमी रु. 12,00,000/- अदा केले असून अर्जदार क्र. 2 यांची स्वतःच्या पोटगीबाबत कोणतीही तक्रार राहिलेली नाही."

मुद्दा 5: "अर्जदार क्र. 1 हे अज्ञान मुलीच्या पालनपोषणासाठी दरमहा रु. 7,000/- मुलगी सज्ञान होईपर्यंत अर्जदार क्र. 2 यांच्या खात्यात जमा करतील."

मुद्दा 6: "यापुढे उभय पक्ष एकमेकांविरुद्ध कोणत्याही प्रकारे पोटगीची मागणी करणार नाहीत."

तो या 6 नंबरवर नाचतोय.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

छान, म्हणजे तुमचं काम बऱ्यापैकी सोपं आहे. मुद्दा 4 मध्ये "स्वतःच्या पोटगीबाबत" असं स्पष्ट आहे. म्हणजे 12 लाख हे बायकोचे. मुलीचं वेगळ्या मुद्द्यात वेगळं लिहिलंय. मग 12 लाखांत सगळं आलं हे त्याचं म्हणणं त्याच्याच सहीच्या कागदावर टिकत नाही, नाहीतर पुढचा मुद्दा 5 लिहिलाच कशाला असता, आणि पाच-सहा वर्षं तो 7,000 भरत होता ते कशासाठी.

मुद्दा 6 मध्ये "उभय पक्ष एकमेकांविरुद्ध" आहे. पक्ष कोण, तर नवरा आणि बायको. मुलगी त्या अर्जात पक्षकार नव्हती. मुलीची पोटगी ही मुलीची असते, आई फक्त तिच्या वतीने पैसे घेते. जे आपलं नाहीच ते आई सोडून कसं देणार? अगदी कन्सेंट टर्म्समध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की मुलीचीही पोटगी सोडली, तरी अज्ञान मुलांच्या बाबतीत कोर्टं असा करार मुलावर बंधनकारक धरत नाहीत. बायकोविरुद्ध जे बचाव चालतात, म्हणजे ती कारण नसताना वेगळी राहते, तिने दुसरं लग्न केलं वगैरे, ते मुलाच्या हक्काला लागतच नाहीत.

आता करायचं काय. दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकत्र कालवू नका.

एक, थकबाकी. 11 महिने गुणिले 7,000 म्हणजे 77,000. यासाठी ज्या कोर्टाचं डिक्री आहे तिथेच दरखास्त लावायची. नोकरदार माणूस आहे, पगारातून जप्ती मागायची, कोर्ट कंपनीला पत्र पाठवतं आणि पगारातून कापून कोर्टात भरायला सांगतं. साध्या कर्जवसुलीत पगाराचा बराच भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, पोटगीच्या डिक्रीत मात्र फक्त एक तृतीयांश सुरक्षित, बाकी दोन तृतीयांशापर्यंत हात घालता येतो. बहुतेक जण कंपनीच्या एचआरला पत्र जायच्या भीतीनेच पैसे भरतात, हा माझा अनुभव.

दोन, वाढ. 7,000 तिसरीतल्या मुलीला ठरले होते, आता ती नववीत आहे. यासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली त्याच कोर्टात अर्ज. त्या कलमात मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण असे तीन शब्द आहेत आणि डिक्री झाल्यानंतरही कोर्ट वेळोवेळी आदेश बदलू शकतं. दुसरा रस्ता म्हणजे जुन्या सीआरपीसी 125 चा स्वतंत्र अर्ज, आता 1 जुलै 2024 पासून ते नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालंय. ते धर्म न बघता सगळ्यांना लागू. तुमच्या केसमध्ये डिक्री आहे, मी असते तर 26 ने गेले असते.

आणि उशीर करू नका. वाढ साधारण अर्जाच्या तारखेपासून मिळते, मागच्या दोन वर्षांचा फरक मिळत नाही. तुम्ही सहा महिने विचार करत बसलात तर ते सहा महिने गेले.

नाना_फलटणकर

मॅडम माझा एक प्रश्न, 125 खाली वसुलीला एक वर्षाची अट असते ना? आमच्या पुतणीची केस होती, तीन वर्षांची थकबाकी मागितली आणि कोर्टाने एकाच वर्षाची दिली.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

बरोबर नाना, ते 125 च्या आदेशाला. वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आता 144 मध्येही तसंच. म्हणून ज्यांचा आदेश 125 किंवा 144 चा आहे त्यांनी दर वर्षी न चुकता वसुली अर्ज टाकायचा, "देईल हो कधीतरी" म्हणून थांबायचं नाही. मामांचं प्रकरण डिक्रीचं आहे, तिथे दरखास्तीला मुदत खूप जास्त असते. 144 चा फायदा वेगळा आहे, दर महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि आत जाऊन आला म्हणून पैसे माफ होत नाहीत, ते डोक्यावर राहतातच.

दोन_डगरीवर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे सांभाळून लिहितोय. माझं पण दुसरं लग्न झालंय, पहिल्या लग्नाचा मुलगा 11 वर्षांचा, त्याच्या आईकडे असतो, मी महिना 15,000 देतो आणि एकही महिना चुकवलेला नाही. दुसऱ्या लग्नाची मुलगी एक वर्षाची. बायकोने बाळंतपणासाठी नोकरी सोडली. घराचा हप्ता 38,000. आता एक्सने वाढीव पोटगीचा अर्ज टाकलाय 30,000 चा. इथे सगळे बापाला गुन्हेगार समजून बोलतात म्हणून विचारतो, माझ्या दुसऱ्या मुलीचं पोट नाही का? कोर्ट हे बघतं की नाही? की पहिलं मूल तेवढं खरं?

रानजाई

दादा तुम्ही नियमित देताय म्हणजे तुम्हाला कोणी गुन्हेगार म्हटलेलं नाही. मामांच्या केसमध्ये माणसाने बंद केलेत.

पिंपळपान_72

दुसरं लग्न केलं की पोटगी कमी होतेच. माझ्या मित्राची 12,000 वरून 8,000 झाली. त्यामुळे मामांच्या बाबतीतही तो कोर्टात गेला तर कमीच होईल, उगाच वाढीव मागायला जाऊन आहे ते पण घालवतील.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

पिंपळपान, तुमच्या मित्राच्या केसमध्ये फक्त दुसऱ्या लग्नाने कमी झाली की पगारही घटला होता? विचारून बघा, कारण नुसत्या लग्नावर कमी झालेली मला तरी क्वचित दिसली.

डगरीवाले दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही असं नाही. कोर्ट दोन्ही मुलांकडे बघतं. दुसऱ्या लग्नामुळे पहिल्या मुलाची जबाबदारी संपत नाही, पण तुमच्यावर अवलंबून कोण कोण आहे हे विचारात घेतलं जातंच. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात मालमत्ता आणि देणी यांचं अ‍ॅफिडेव्हिट दोघांनाही सक्तीचं केलं, त्यात अवलंबून असलेल्या माणसांचा रकाना आहे. तिथे नवी बायको, बाळ, आईवडील सगळे लिहा.

आकड्यांत दाखवते. 2004 मध्ये दिल्ली हायकोर्टाने एका निकालात वाट्यांची पद्धत वापरली होती, कमावणाऱ्याला दोन वाटे आणि बाकी प्रत्येकाला एक. आपल्याकडच्या कोर्टांवर ती बंधनकारक नाही, पण अंदाजाला बरी पडते. मामांच्या मेहुण्याचे 95,000 धरा. त्याने दुसरं लग्न केलंच नसतं तर तो स्वतः दोन आणि मुलगी एक, तीन वाटे, मुलीचा वाटा 31,600 च्या पुढे. आता नवी बायको एक आणि बाळ एक, म्हणजे पाच वाटे, मुलीचा वाटा 19,000. उद्या त्याने म्हातारी आई पण माझ्यावर आहे म्हटलं तर सहा वाटे, 15,800 च्या आसपास. म्हणजे दुसऱ्या लग्नाने मुलीचा वाटा बारीक होतो हे खरंच आहे, पण शून्य होत नाही, आणि 7,000 च्या खाली तर कुठल्याच हिशोबाने जात नाही.

तुमच्या हप्त्याचं सांगायचं तर, इन्कम टॅक्स आणि सक्तीचा पीएफ ही कपात मान्य होते, पण आपणहून घेतलेल्या कर्जाचा हप्ता दाखवून पोटगी कमी करायला कोर्टं सहसा तयार होत नाहीत. 38,000 चा हप्ता तुम्ही जबाबदारी माहीत असताना घेतलात असं समोरचे म्हणणार, तयारी ठेवा.

दोन_डगरीवर

हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. धन्यवाद मॅडम. वकिलाला अ‍ॅफिडेव्हिटचं विचारतो.

झणझणीत_मिसळ

एक विचारू का, मामांच्या मेहुण्याची नवीन बायको नोकरी करत असेल तर तिचा पगार पण धरायचा ना? घरात दोन पगार येतायत मग पोरीला 7,000 द्यायला काय जातंय.

नाना_फलटणकर

नवीन बायकोचा काय संबंध, तिने थोडीच या मुलीला जन्म दिलाय. उगाच तिला कशाला ओढायचं.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

नाना म्हणतात तसं तिच्यावर कायदेशीर जबाबदारी नाही, तिचा पगार या मुलीसाठी मोजता येत नाही. पण मेहुण्याने अ‍ॅफिडेव्हिटमध्ये "पत्नी पूर्णपणे माझ्यावर अवलंबून" असं लिहिलं आणि ती प्रत्यक्षात नोकरी करते हे निघालं तर मग उलटतपासणीत मजा येते. तिचा वाटा त्याच्या पगारातून काढायचा कशाला, हा प्रश्न विचारता येतो. त्याच्या बाळाचा खर्चही मग एकट्या त्याच्यावर नाही. पण किती आणि कसं, हे जज कोण आहेत त्यावर बरंच असतं, त्यावर पक्का नियम मला तरी सांगता येणार नाही.

चिंचवडचा_मामा

मॅडम खूप आभार. आता शिक्षणाचा खर्च कसा मांडायचा? बहीण म्हणते ढोबळ 25,000 लिहून टाकू. तो म्हणेल एवढी महागडी शाळा कोणी सांगितली होती, झेडपीच्या शाळेत घाला.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

ढोबळ आकडा अजिबात लिहू नका, ढोबळ आकड्याला कोर्ट ढोबळच रक्कम देतं. मला खरे आकडे सांगा, पावत्या असतील तेवढेच.

चिंचवडचा_मामा

बहिणीने रात्री बसून काढले. शाळेची फी वर्षाला 84,000. स्कूल बस 21,000. मॅथ्स सायन्सचा क्लास 36,000. पुस्तकं, युनिफॉर्म, सहल, परीक्षा फी धरून 15,000. क्लासची पावती नाही, सरांना जीपेने दिलेत.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

जीपेची नोंद बँक स्टेटमेंटमध्ये येते, तेवढं पुरतं, शिवाय सरांकडून साध्या कागदावर सहीनिशी लिहून घ्या. शाळेकडून फी स्ट्रक्चर आणि बोनाफाईड घ्या.

आता बेरीज, 84 अधिक 21 अधिक 36 अधिक 15 म्हणजे वर्षाला 1,56,000. महिन्याला 13,000. हे फक्त शिक्षण. त्यावर जेवण, कपडे, औषधं, फोन, घरभाड्यातला तिचा वाटा, समजा 11,000. एकूण 24,000. वडिलांचा पगार 95,000 आणि आईचा 32,000, म्हणजे साधारण पाऊण आणि पाव. रजनेश-नेहा निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की मुलांचा शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करायचा, पण आई कमावती असेल आणि पुरेसं कमावत असेल तर दोघांत प्रमाणात वाटता येतो. पाऊण धरलं तर 18,000. वर वाट्यांच्या हिशोबाने 19,000 आलं होतं, म्हणजे दोन्हीकडून जवळपास तेच येतंय, तर मागणी 18,000 ची करा आणि पुढे दर वर्षी वाढ मागा. मंजूर किती होईल ते जजवर, 13-14 हजारांवर आलं तरी आताच्या दुप्पट आहे.

महागड्या शाळेचं म्हणाल तर हे बघा, ती शाळा घटस्फोटाआधीपासूनची आहे का? असेल तर त्यानेच घातलंय आणि घटस्फोटामुळे मुलीचं राहणीमान खाली येऊ नये हे कोर्ट मानतं. नंतर आईने एकटीने बदलली असेल तर तो आक्षेप घेणार. क्लासबद्दलही निकालात आहे की कोचिंग किंवा इतर कलागुणांचा खर्च वाजवी असावा, उधळपट्टी नको. म्हणून पियानो आणि घोडेस्वारी एकाच अर्जात घालू नका.

चिंचवडचा_मामा

शाळा सिनियर केजीपासूनची, त्यानेच निवडली होती. अ‍ॅडमिशन फॉर्मवर त्याची सही पण आहे.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

मग त्या फॉर्मची प्रत शाळेकडून काढून घ्या. माझ्या मते तुमच्या फाईलमधला सगळ्यात कामाचा कागद तोच.

टवाळ_टिळक_रोड

आणि तो म्हणाला की मुलीला भेटू देत नाही म्हणून पैसे थांबवले, तर? बरेच बाप हे म्हणतात आणि खरंही असतं.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

खरं असू शकतं, पण त्यासाठी त्याने भेटीच्या हक्कासाठी अर्ज करायचा. पैसे बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही, आणि उलट पैसे दिले नाहीत म्हणून आईने भेट बंद करणंही चालत नाही. मामा, भाचीला भेटू देता ना?

चिंचवडचा_मामा

हो, पण गेल्या दिवाळीपासून तोच येत नाही. बाळ झाल्यावर रविवार जमत नाही म्हणतो. भाची आता त्याचं नाव काढत नाही घरात.

तांबडं_फुटलं

माझा प्रश्न मामांच्या उलट आहे. माझा मुलगा 19 वर्षांचा, इंजिनिअरिंग सेकंड इयर, फी 1,40,000. 125 खाली महिना 6,000 मिळायचे ते 18 पूर्ण झाल्याबरोबर त्याच्या बापाने बंद केले. त्याचं पण दुसरं लग्न, दोन मुलं. मुलगा शिकतोय म्हणून अजून 2-3 वर्षं तरी मिळायला हवे ना? मुलींना मिळतं म्हणतात मग मुलांना का नाही.

रानजाई

ताई मी म्हटलं होतं ना 18 ला संपतं.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

आता या 18 च्या भानगडीवर येते, रानजाईताई तुमचं निम्मं बरोबर का ते.

125 आणि आता 144 खाली सज्ञान झाल्यावर फक्त शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचं भागवू न शकणाऱ्या मुलांना मिळतं. तिथे 18 खरंच. पण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956 चं कलम 20 वेगळं आहे, त्यात अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर भागवू शकत नसेल तर वय बघितलं जात नाही. सप्टेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने अभिलाषा विरुद्ध प्रकाश या केसमध्ये हेच सांगितलं, 125 खाली त्या मुलीला नाकारलं आणि कलम 20 चा रस्ता मोकळा ठेवला. त्यामुळे मामा, भाची 18 ची होईल तेव्हा ती बारावीत नाहीतर नुकतीच कॉलेजात असेल, पैसे आपोआप सुरू राहणार नाहीत, तिने स्वतःच्या सहीने अर्ज करायचा, आई तेव्हा तिच्या वतीने सही करू शकणार नाही. जानेवारी 2025 मध्येही सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात मुलीचा पालकांकडून शिक्षणखर्च मिळवण्याचा हक्क मान्य केलाय, ती मुलगी आयर्लंडमध्ये शिकत होती आणि वडिलांनी दिलेले 43 लाख ठेवून घ्यायला नको म्हणत होती तर कोर्टाने ते तिला ठेवायला सांगितले.

तांबडं_फुटलं ताई, तुमच्या मुलाचं अवघड आहे हे खोटं कशाला सांगू. कलम 20 मध्ये सज्ञान मुलाला जागा नाही. 2021 मध्ये दिल्ली हायकोर्टाने एक वेगळी वाट काढली होती, की मुलगा 18 चा झाला तरी शिक्षणाचा सगळा भार आईवर पडतो म्हणून आईलाच महिना 15,000 अंतरिम पोटगी दिली, मुलगा पदवी पूर्ण करेपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत. पण त्यासाठी तुमची स्वतःची पोटगी चालू किंवा प्रलंबित हवी. तुमचा घटस्फोट झालाय का, स्वतःची पोटगी सोडलीय का?

तांबडं_फुटलं

घटस्फोट झालेला नाही, वेगळे राहतो फक्त. त्याने तसंच दुसरं लग्न केलं. मला काही मिळत नाही, मी तेव्हा फक्त मुलासाठी मागितलं होतं.

झणझणीत_मिसळ

काय!! घटस्फोट न घेता दुसरं लग्न?? मग ते लग्नच नाही की हो ताई.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

मिसळ, दोघंही हिंदू असतील तर ते लग्न रद्दबातलच, पण त्या दुसऱ्या बाईच्या दोन मुलांचा पोटगीचा हक्क तेवढ्याने जात नाही, त्यांचा काय दोष. ताई, तुमच्यासाठी मात्र हे उघडं दार आहे. तुम्ही अजून कायदेशीर पत्नी आहात, नवऱ्याने दुसरी बाई केली हे त्याच्याकडे न राहण्याचं योग्य कारण कायद्यातच लिहिलंय, म्हणून स्वतःसाठी 144 चा अर्ज करा आणि त्यात मुलाच्या फीचा भार तुमच्यावर कसा आहे ते मांडा. दिल्लीचा निकाल इथल्या कोर्टाला पाळावाच लागेल असं नाही, पण दाखवता येतो. मंजूर होईल का, माहीत नाही. फीचं चलन आणि तुमच्या खात्यातून ती भरल्याच्या नोंदी जपून ठेवा.

नाना_फलटणकर

आणि हो, एक राहिलं. बाप दुसरं लग्न करो की तिसरं, हिंदू वारसा कायद्याने पहिली मुलगी वारस राहतेच. उद्या मृत्युपत्र न करता गेला तर वाटणीत ती आहेच. फलटणला आमच्या गल्लीत हेच भांडण चाललंय, पोरीला 7/12 वर नाव लावू देत नाहीत.

पिंपळपान_72

मित्राला विचारलं. पगारही कमी झाला होता, कंपनी बदलली होती. पण वकिलाने सांगितलं होतं की दुसऱ्या लग्नाचा मुद्दा पण कामाला आला. म्हणजे माझं पूर्ण चुकीचं नव्हतं.

अ‍ॅड_कृष्णाकाठ

चालेल.

चिंचवडचा_मामा

मॅडम, शाळेने फॉर्मची प्रत द्यायला नकार दिला, म्हणतात वडिलांची परवानगी आणा. आता?

अ‍ॅड_कृष्णाकाठ

आईने पालक म्हणून लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. तरी दिली नाही तर दरखास्तीत नको, वाढीच्या अर्जात कोर्टाकडून शाळेला कागद हजर करायचा आदेश मागता येतो. त्यासाठी अर्ज आधी दाखल व्हायला हवा, फॉर्मसाठी थांबू नका.

चिंचवडचा_मामा

ठीक. सोमवारी बहीण हाफ डे टाकतेय, दोन्ही अर्ज वकिलाकडे द्यायला जातोय. पावत्यांची फाईल भाचीनेच लावलीय तारखेप्रमाणे.

दोन_डगरीवर

मामा, तारखेला मेहुण्याशी बोलायची वेळ आली तर वाट्यांचा तो हिशोब त्याला दाखवा. मला तरी दोन मुलांत काय द्यायचं ते त्यातून जरा कळलं.

टवाळ_टिळक_रोड

मॅडम एक शेवटचं, वडील थेट शाळेत फी भरतो म्हणाले तर चालतं का, आईच्या हातात पैसे द्यायचे नाहीत म्हणून?

अ‍ॅड_कृष्णाकाठ

शिक्षणाच्या भागापुरतं कोर्ट मान्य करू शकतं, आणि कधी कधी ते आईलाही बरं पडतं. पण जेवणखाण-भाड्याचा भाग आईकडेच यायला हवा, आणि फी भरल्याची पावती महिन्याच्या आत द्यायची अशी अट आदेशात घालून घ्यायची. नाहीतर शाळेकडून फी थकल्याचं पत्र मुलीच्या हातात येतं आणि तोवर बापाला काही कळवायचं कोणाला सुचत नाही.